दिवाळीची टोपली, चमकता सेलोफेन आणि त्याच्या आत दडलेली तारीख

इंदूरला दिवाळीच्या आठवड्यात राजवाडा भागात जागोजागी मांडव पडतात आणि त्यांत ड्रायफ्रूटच्या सजवलेल्या टोपल्या रचून ठेवलेल्या असतात. पारदर्शक सेलोफेन, वर लाल रिबिनीचा फुगा, आत काजू-बदामाचे डबे, एखादं चॉकलेट, दोन पणत्या. मागच्या दिवाळीत लेकीच्या सासरी, देवासला, फराळाबरोबर पाठवायला मी अशीच एक टोपली घेतली. यंदा कुणी घेणार असेल, तर त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

टोपलीवर बाहेरून ₹२,४९९ चं स्टिकर होतं. मांडववाला म्हणाला, "भाभीजी, आपके लिए सोलह सौ पचास." आत चार डबे. वजन विचारलं तर त्याने डब्याच्या झाकणावर बोट ठेवलं. तिथे २५० असा आकडा अगदी ठळक चमकत होता. "ढाई सौ के चार, पूरा एक किलो." माल कधीचा, हेही मी विचारलं. त्याने टोपली कलती केली आणि डब्याच्या बाजूला छापलेली तारीख वाचून दाखवली, "अगस्त पच्चीस." मला ऑगस्ट दिसलं, त्यापुढचा २ दिसला, आणि शेवटच्या आकड्यावर वरच्या ट्यूबलाइटची पांढरी रेघ आडवी पडलेली. उघडून दाखवा म्हटलं, तर "पॅकिंग खराब हो जाएगी."

टोपली देवासला गेली. विहीणबाई काही बोलल्या नाहीत. बोलणारच नव्हत्या, आलेल्या भेटीबद्दल कोण बोलतं? या धंद्याची सगळी मेख इथेच आहे. टोपली विकत घेणारा ती उघडत नाही, आणि उघडणारा तक्रार करत नाही. शेवटी लेकीनेच चोरून फोन केला, "आई, काजू खवट आहेत गं," आणि सेलोफेन काढलेल्या डब्यांचे फोटो पाठवले.

तारीख ऑगस्ट २४ ची होती, म्हणजे माल वर्षापूर्वीचा. वजनं अशी: काजू १०० ग्रॅम, बदाम १०० ग्रॅम, किसमिस १०० ग्रॅम, पिस्ते ५० ग्रॅम. सगळे मिळून साडेतीनशे ग्रॅम, सांगितलेल्या किलोच्या जवळजवळ एकतृतीयांश. डब्यांवरच्या छापील किमती १७०, १६०, ९० आणि १५०, बेरीज ₹५७०. चॉकलेट, पणत्या आणि वेताची टोपली सढळ हाताने धरली तरी हजाराच्या वर काही जात नाही.

मग झाकणावरचं २५० काय होतं? तो डब्याचा माप-आकडा. रिकाम्या प्लास्टिकच्या डब्यात २५० मिलिलिटर मावतं, हे साच्यातूनच उठवलेलं असतं. आत काय आणि किती भरलंय याच्याशी त्याचा काही संबंध नाही. खरं वजन डब्याच्या बाजूला, पारदर्शक प्लास्टिकवर बारीक पांढऱ्या अक्षरात होतं. मागे पांढरट काजू, पुढे सेलोफेन. गंमत बघा, दिव्यांच्या ज्या झगमगाटात छापील अक्षरं बुडाली, त्याच झगमगाटाने उठावाचा आकडा उजळला. उठावाला कड असते, ती उजेड पकडते. छापलेल्या सपाट अक्षराला तसा आधार नसतो.

प्लास्टिक असो की काच, समोरून पडणाऱ्या उजेडापैकी साधारण चार टक्के प्रत्येक पृष्ठभागावरून परत फिरतो. हे ऐकायला थोडं वाटतं, पण डोक्यावरच्या ट्यूबलाइटचे चार टक्के आणि कागदावरच्या फिकट शाईवरून येणारा उजेड यांत ट्यूबलाइटच जिंकते. सपाट काचेत निदान एका दिव्याचं एकच प्रतिबिंब पडतं. चुरगळलेल्या सेलोफेनची प्रत्येक सुरकुती वेगळ्या दिशेला तोंड करून असते, त्यामुळे मांडवातला प्रत्येक दिवा कुठल्या ना कुठल्या अक्षरावर येऊन बसतो. तिथे हाताची सावली धरून फारसा उपयोग होत नाही.

उपयोग होतो तो बोटाचा. सेलोफेन लेबलावर घट्ट दाबून सपाट करा, सुरकुत्या जातात आणि बोटाच्या शेजारची अक्षरं वाचता येतात. तेवढ्याने जमलं नाही तर टोपली हळूहळू फिरवा आणि नजर आकड्यावर ठेवा. चकाकी सरकते, शाई सरकत नाही. ३ चा ८ किंवा १ चा ७ दिसत असेल, तर दोन-तीन कोनांतून पाहिल्यावर खरा आकडा टिकतो, उजेडाची रेघ निघून जाते. मोबाइलने फोटो काढताना फ्लॅश बंद ठेवा, नाहीतर फ्लॅशच परत येऊन कॅमेऱ्यात बसतो. आणि हे सगळं स्वतः करा. टोपली कलती करणारा हात दुकानदाराचा असेल, तर रेघ कुठे पाडायची हे तोच ठरवतो.

पॅकिंगच्या मालाबद्दलचे केंद्राचे २०११ चे नियम आहेत, त्यांतला नववा नियम नेमका याच गोष्टीबद्दल आहे. पाकिटावर आणखी एक बाहेरचं वेष्टन असेल तर वजन, किंमत, महिना-वर्ष असा सगळा मजकूर त्या बाहेरच्या वेष्टनावरही हवा. सूट एकाच बाबतीत: वेष्टन पारदर्शक असेल आणि आतला मजकूर त्यातून सहज वाचता येत असेल तर. नुसतं पारदर्शक असून भागत नाही. शिवाय मजकुराचा रंग मागच्या रंगावर उठून दिसायला हवा, हेही त्याच नियमात येतं. म्हणजे काजूवर पांढरी शाई आणि वर चुरगळलेला सेलोफेन, दोन्ही गोष्टी नियमात बसत नाहीत. "पॅकिंग खराब होईल" असं कुणी म्हटलं, तर "मग वजन आणि तारीख बाहेर चिकटवा" असं सरळ सांगायला हरकत नाही.

माझं पुढे काय झालं? दिवाळीनंतर गेले तर मांडवाचे बांबूसुद्धा उचललेले. हातात जी चिठ्ठी होती तिच्यावर नुसतं "हॅम्पर १, १६५०", ना दुकानाचं नाव, ना जीएसटी नंबर. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला. तिथल्या बाईंनी नीट ऐकून घेतलं, पण तक्रार कोणाविरुद्ध लिहायची? आपल्या नापतौल विभागातही हाच प्रश्न येतो. तेव्हा मांडवातून घ्यायचंच असेल तर बिलावर दुकानाचं नाव-पत्ता आणि प्रत्येक डब्याचं वजन लिहून घ्या. जो लिहून देत नाही, त्याचा एक किलो किती ग्रॅमचा असतो ते वर सांगितलंच आहे.

मिठाईच्या दुकानातल्या काचेच्या कपाटाचंही असंच. सुट्या मिठाईच्या ताटाशी ती कधीपर्यंत खावी याची तारीख लावणं १ ऑक्टोबर २०२० पासून बंधनकारक आहे. पुष्कळ ठिकाणी चिठ्ठी असते, पण काचेच्या वरच्या कडेला एलईडीची पट्टी आणि तिचं प्रतिबिंब बरोबर चिठ्ठीवर. काच सपाट असल्यामुळे इथे उपाय सोपा आहे. मोबाइलची लेन्स काचेला टेकवून फोटो घ्या, मध्ये प्रतिबिंबाला जागाच उरत नाही. किंवा काउंटरवरच्या मुलाला सांगा, "भिया, वो चिट्ठी बाहर निकाल के दिखाना." आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात मी हल्ली तेच करते. मावाबर्फीची चिठ्ठी काढताना तो मुलगा जरा कुरकुरतो, पण काढतो.