पांढरी की निळी: आपल्या गाडीचा हिशेब

अहो,

शनिवारी शोरूममधून परत येताना सात रस्त्याच्या सिग्नलला तुम्ही म्हणालात, “पाच लाखांचाच तर फरक आहे, हप्ता थोडा वाढेल एवढंच.” मी तेव्हा काही बोलले नाही, कारण हाताशी आकडे नव्हते. आता दोन्ही कोटेशनं आणि जुन्या गाडीची वही समोर घेऊन बसले आहे. तुमची पांढरी एसयूव्ही मलाही आवडली, हे आधीच सांगते. तरी माझं मत निळ्या हॅचबॅकला आहे.

स्वस्तात घ्यायची म्हणून मी सुरक्षिततेत काटछाट केलेली नाही. निळीचं कोटेशन मधल्या मॉडेलचं आहे. सहा एअरबॅग आणि गाडी घसरू न देणारी ईएससी यंत्रणा दोन्ही गाड्यांत आहे.

| | निळी (११९७ सीसी, ३.९९ मीटर) | पांढरी (१४९७ सीसी, ४.३ मीटर) |
|---|---|---|
| एक्स-शोरूम | ८,००,००० | १३,००,००० |
| आरटीओचा कर | ८८,००० | १,५६,००० |
| विमा | ३८,००० | ५६,००० |
| टीसीएस | नाही | १३,००० |
| फास्टॅग, नंबरप्लेट, किरकोळ | ४,००० | ५,००० |
| ऑन-रोड | ९,३०,००० | १५,३०,००० |

म्हणजे पाच लाखांचा फरक गाडी रस्त्यावर येईपर्यंत सहा लाखांचा होतो. आपल्याकडे दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला आरटीओचा एकरकमी कर ११ टक्के आहे, त्यावर वीस लाखांपर्यंत १२ टक्के. पांढरी नुसती महाग नाही, ती वरच्या टप्प्यातही जाते. टीसीएसचे १३ हजार मात्र मी खर्चात धरत नाही. दहा लाखांवरच्या गाडीला आयकरापोटी एक टक्का आधीच घेतात, पण तो तुमच्या पॅनवर जमा होतो आणि रिटर्न भरताना वळता करून घेता येतो. आमच्या ऑफिसात दरवर्षी दोन-चार जण तो मागायचा विसरलेले सापडतात. तेव्हा खरा फरक ५ लाख ८७ हजारांचा.

आता मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट. एक्स-शोरूम किमतीत जीएसटी आधीच धरलेला असतो, म्हणून तो वेगळा दिसत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून पेट्रोल गाडी १२०० सीसीच्या आत आणि चार मीटरच्या आत, अशा दोन्ही अटींत बसली तर जीएसटी १८ टक्के. एक जरी अट मोडली तरी ४० टक्के. निळी दोन्हींत बसते, पांढरी एकीतही बसत नाही.

मी उलटा हिशेब केला. ८ लाखांना १.१८ ने भागलं, तर निळीची करापूर्वीची किंमत येते सुमारे ६ लाख ७८ हजार. १३ लाखांना १.४० ने भागलं, तर पांढरीची येते ९ लाख २९ हजार. म्हणजे कर बाजूला काढला तर पांढरी निळीपेक्षा फक्त अडीच लाखांनी जास्त ‘गाडी’ आहे. मोठं इंजिन, उंची, काचेचं छप्पर, मोठा स्क्रीन, सगळं त्या अडीच लाखांत आलं. उरलेल्यात अडीच लाख जास्तीचा जीएसटी, ६८ हजार जास्तीचा आरटीओ कर आणि विम्याचा फरक. ५ लाख ८७ हजारांतले ३ लाख १७ हजार कर म्हणून जातात. जास्त पैसे देऊन तेवढीच जास्त गाडी मिळत असती, तर मी एवढी अडून बसले नसते.

दुसरा भाग कर्जाचा. एफडी आणि जुन्या गाडीचे मिळून आपल्याकडे ४ लाख ३० हजार होतात. म्हणजे निळीला ५ लाख कर्ज लागेल, पांढरीला ११ लाख. व्याज दोन्हीकडे ९ टक्के धरलं आहे. पाच वर्षांच्या मुदतीत निळीचा हप्ता १०,३७९ रुपये बसतो, पांढरीचा २२,८३४. घराचा हप्ता चालू असताना २२ हजार झेपणार नाहीत, हे सेल्समनलाही कळलं होतं. म्हणून त्याने लगेच सात वर्षांचा पर्याय पुढे केला, हप्ता १७,६९८. तो आकडा बघून तुमचा चेहरा खुलला, ते मी पाहिलं. पण सात वर्षांत एकूण व्याज जातं ३ लाख ८७ हजार. निळीला पाच वर्षांत १ लाख २३ हजार.

व्याजापेक्षाही मला वेगळीच काळजी वाटते. गाडीची किंमत सुरुवातीला भराभर उतरते आणि सात वर्षांच्या कर्जात मुद्दल सुरुवातीला हळू फिटतं. विमा कंपन्या आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरायची गाडीची किंमत, काढताना तीन वर्षं उलटलेल्या गाडीला ४० टक्के घट धरतात. त्या हिशेबाने तीन वर्षांनी पांढरीची किंमत ७ लाख ८० हजार राहील आणि कर्ज बाकी असेल ७ लाख ११ हजार. तोवर आपण सव्वासहा लाखांहून जास्त हप्ते भरलेले असतील, वर सुरुवातीची रक्कम वेगळी. एवढं करून गाडीत आपलं म्हणावं असं फक्त ६९ हजार. निळीचं त्याच वेळी: किंमत ४ लाख ८० हजार, कर्ज बाकी २ लाख २७ हजार, आपलं अडीच लाख. तीन वर्षांनी मुलगी अकरावीला असेल. तुमच्या कारखान्यात गेल्या वर्षी चार महिने एकच पाळी चालली होती, तसं पुन्हा झालं आणि गाडी विकायची वेळ आली, तर निळी विकून हातात पैसे येतील. पांढरी विकून कर्ज फिटेल, एवढंच.

बाजारात आयडीव्हीपेक्षा थोडं कमी-जास्त मिळतं, ते मान्य. पण सत्तर हजारांनी कमी मिळालं तर पांढरीच्या बाबतीत फरक आपल्या खिशातून भरावा लागेल.

पेट्रोलवर मला वाटलं होतं तेवढा मोठा फरक निघाला नाही, तोही प्रामाणिकपणे लिहिते. वहीप्रमाणे गेल्या वर्षी आपली गाडी ८,४०० किलोमीटर चालली. त्यातले ५,६०० शहरातले: जुळे सोलापूर ते अक्कलकोट रोड एमआयडीसी, शाळा, नवी पेठ. बाकी २,८०० तुळजापूर, पंढरपूर आणि पुण्याच्या तीन फेऱ्या. ब्रोशरमधलं मायलेज मी घेतलं नाही. दोन्ही गाड्या वापरणाऱ्या ओळखीच्यांना विचारलं, जे टाकी फुल करून मोजतात. निळी शहरात १५ आणि हायवेला १९ देते, पांढरी ११ आणि १५. मे महिन्यात आपल्याकडे एसीशिवाय गाडीत बसवत नाही, म्हणून शहरातला आकडा एवढा खाली येतो. वर्षाला निळीला सुमारे ५२० लिटर लागेल, पांढरीला ६९६. लिटर १०५ रुपये धरला तर फरक साडेअठरा हजारांचा. महिन्याला दीड हजार. नुसत्या पेट्रोलसाठी पांढरी नाकारली असं मी म्हणणार नाही.

टायरचंही विचारून आले. निळीचा पंधरा इंची टायर साडेपाच हजारांच्या आसपास, पांढरीचा सतरा इंची दहा हजारांच्या. विम्याचं नूतनीकरण आणि सर्व्हिसिंग मिळून पाच वर्षांत ६० हजारांचा फरक धरला आहे. हा माझा अंदाज आहे, कोटेशन नाही.

आता पाच वर्षांचं एकत्र. ऑन-रोड फरक ५,८७,०००. दोन्ही कर्जं पाच वर्षांची धरली तरी व्याजाचा फरक १,४७,०००. पेट्रोल ९२,५००. टायर, विमा, सर्व्हिसिंग ६०,०००. बेरीज ८ लाख ८६ हजारांवर जाते. पाच वर्षांनी दोन्ही गाड्यांची निम्मी किंमत उरेल असं धरलं, तर पांढरीचे अडीच लाख जास्त येतील. ते वजा केल्यावर ६ लाख ३६ हजार. म्हणजे पांढरी दारात उभी असण्यासाठी पाच वर्षं दरमहा साडेदहा हजार रुपये जास्त.

पांढरी कुठे खरोखर चांगली आहे, तेही मी पाहिलं. हायवेवर पाच माणसं आणि सामान घेऊन ओव्हरटेक करताना तिची ताकद जाणवते. आपण वर्षाला वीस हजार किलोमीटर फिरत असतो, तेही बहुतेक बाहेरगावी, तर माझं उत्तर कदाचित वेगळं असतं. पण भाऊजींकडचे सगळे आले की आपण सात होतो आणि पांढरीही पाचांचीच आहे. गड्ड्याच्या यात्रेला ते आले होते तेव्हा आपण भाड्याने गाडी केली होती, पुढेही करावीच लागेल.

खरा प्रश्न आईंच्या गुडघ्यांचा. शनिवारी मी टेप नेली होती. निळीची पुढची सीट जमिनीपासून ५५ सेंटिमीटरवर आहे, पांढरीची ६५. दहा सेंटिमीटरने आईंना फरक पडतो. पांढरीतून त्या सहज उतरल्या, निळीतून उतरताना त्यांनी दाराचा आधार घेतला. त्यांच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी पद्धत सांगितली आहे: सीट पूर्ण मागे घ्यायची, आधी पाठमोरं बसायचं, मग दोन्ही पाय एकत्र आत वळवायचे. उतरताना उलट, दोन्ही पाय बाहेर टेकवून मगच उठायचं. काल आपल्या जुन्या गाडीत तसं करून पाहिलं, आई म्हणाल्या बरं वाटतंय. पण जुनी गाडी म्हणजे निळी नव्हे.

म्हणून माझं म्हणणं असं. रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत आईंना घेऊन परत होटगी रोडला जाऊ आणि निळीत त्यांना चार-पाच वेळा चढ-उतार करू देऊ. जमलं तर तिथेच बुकिंग करू. विमा शोरूमचाच घ्यायची सक्ती नसते, त्यामुळे ३८ हजारांचा आकडा बाहेरून कोटेशन आणून खाली येतो का, ते मी आधी बघते.

आणि आईंना नाहीच जमलं, तर मी निळीचा हट्ट धरणार नाही. पण तेव्हाही पांढरीकडे न वळता चार मीटरच्या आतली, १२०० सीसीच्या आतली उंच गाडी बघू. छोटं टर्बो इंजिन असलेल्या तशा गाड्या आहेत. बैठक उंच मिळते आणि जीएसटी १८ टक्केच राहतो. कर्ज मात्र पाच वर्षांचंच, आणि सात लाखांच्या आत. सात लाखांचा हप्ता १४,५३१ होतो, तेवढा आपल्याला झेपेल.

वही कपाटात वरच्या खणात ठेवली आहे. आकडे तुम्हीही एकदा तपासा.