चौकोन की ४:५? आडव्या फुटेजचं फीडसाठी काय करावं

फोंड्यात शिगम्याला घेतलेला शॉट धरू: १९२०×१०८०, दोन घुमटवादक शेजारी, चेहऱ्यांचे मध्य डावीकडून ६४० आणि १२८० पिक्सेलवर.

चौकोनी फ्रेम मधोमध ठेवली तर ४२० ते १५०० एवढा भाग उरतो. दोघेही आत, चेहऱ्याच्या मध्यापासून कडेपर्यंत २२० पिक्सेल, आणि चित्र मोठं करावं लागत नाही. ४:५ मध्ये ८६४ पिक्सेलच रुंदी मिळते, म्हणजे ५२८ ते १३९२. चेहरा दोनशे पिक्सेलचा असेल तर कडेला जेमतेम बारा उरतात. खांदा कापला जातो, घुमटही अर्धंच दिसतं. शिवाय १०८०×१३५० साठी चित्र १२५ टक्के ताणावं लागतं, त्यात थोडी धार जाते. फुटेज फोर-केमध्ये असेल तर ही दुसरी अडचण उरत नाही, पहिली राहतेच.

तरीही एकटा वादक असेल तर ४:५ च घ्या, फोनवर तो जास्त जागा व्यापतो. फ्रेम त्याच्यावर सरकवा, पण कटवरच. स्थिर शॉटच्या मध्येच सरकवली की कॅमेरा हललेला नसताना मागचा मांडव वाहू लागतो, आणि ते लगेच खटकतं.

नावाच्या पट्टीला मात्र दोन्हीकडे एकच नियम. मूळ व्हिडिओत ती २०० पिक्सेलवर सुरू होत असेल तर दोन्ही फ्रेममध्ये पहिली अक्षरं गळतात. म्हणून पट्टीविना फाइल काढा आणि नाव नव्या टाइमलाइनवर दोन ओळींत लिहा.