अर्जांची नोंद कुठे ठेवावी: मेलबॉक्स, वही की शीट?

नोकरीसाठी चार-पाचच अर्ज करायचे असतील तर वेगळी नोंद ठेवायची गरज नाही, मेलबॉक्स पुरतो. आकडा दहाच्या पुढे गेला की दोन गोष्टी हातातून निसटायला लागतात: कोणाला कधी आठवण करायची आणि कुठल्या कव्हर लेटरमध्ये आपण नेमकं काय लिहिलं होतं. त्यामुळे कुठली पद्धत घ्यायची हे ठरवताना मी या दोनच कसोट्या लावते.

मेलबॉक्सची जमेची बाजू खरी आहे. मेल स्नूझ केला की ठरलेल्या दिवशी तो आपणहून वर येतो. शीट असं करत नाही, ती उघडावी लागते. पण पोर्टलवर भरलेल्या अर्जाचं काय? तिथल्या चौकटीत टाइप केलेलं पत्र पाठवलेल्या मेलमध्ये सापडत नाही. बहुतेक वेळा हाती येते ती फक्त पोच, आणि तिला उत्तरही देता येत नाही. मी दोन संध्याकाळी बसून लिहिलेला एक चांगला परिच्छेद असाच गमावला आहे.

वही पटकन लिहायला बरी, पण तिच्यात तारखांप्रमाणे क्रम लावता येत नाही आणि परिच्छेद उचलून वापरता येत नाहीत. दोन्ही कसोट्यांवर ती मागे पडते.

शीटला सहा कॉलम पुरतात: A मध्ये पद आणि संस्था, B मध्ये अर्जाची तारीख, C मध्ये शेवटची तारीख, D मध्ये पाठपुराव्याची तारीख, E मध्ये वापरलेले परिच्छेद, F मध्ये उत्तर. खरं काम D करतो.

समजा, अर्ज ३ मार्च २०२५ ला केला आणि मुदत १४ मार्चपर्यंत होती. अर्जाच्या दिवसापासून कामाचे सात दिवस मोजले तर १२ मार्च येतो. त्या दिवशी अर्ज घेणं अजून चालूच असतं, त्यामुळे समोरच्याकडे सांगण्यासारखं काही नसतं आणि आपली आठवण वाया जाते. मुदत संपल्यापासून मोजलं तर २५ मार्च येतो, आणि तीच तारीख कामाची. म्हणून D2 मध्ये हे लिहा:

```
=WORKDAY(MAX(B2,C2),7)
```

जाहिरातीत शेवटची तारीख दिलेली नसेल तर C रिकामा ठेवा, मोजणी आपोआप अर्जाच्या तारखेपासून होते. शनिवार-रविवार वगळले जातात. ज्यांची तारीख उलटली आणि उत्तर आलेलं नाही त्या ओळी रंगवायला कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये हे टाका:

```
=AND($B2<>"",$D2<=TODAY(),$F2="")
```

इथे एक चूक हमखास होते. ०५/०६ म्हणजे ५ जून की ६ मे, हे शीटच्या सेटिंगवर ठरतं. कधी कधी ती तारीख नुसता मजकूर म्हणूनच बसते. संरेखन बदललं नसेल तर खरी तारीख रकान्यात उजवीकडे चिकटते आणि मजकूर डावीकडे. डावीकडे दिसली की पुन्हा टाइप करा, नाहीतर MAX तिला मोजतच नाही आणि D मध्ये चुकीची तारीख येते.

परिच्छेदांसाठी दुसरा टॅब करा. प्रत्येक परिच्छेदाला छोटा कोड द्या, म्हणजे अनुभवाचे अ१, अ२ आणि ‘हेच पद का’ याचे क१, क२. E मध्ये फक्त कोड लिहायचे. पोर्टलवर काही लिहायचं असेल तर आधी या टॅबमध्ये लिहून मग तिकडे चिकटवा.

मात्र कोडवरून घाईने निष्कर्ष काढू नका. अ२ वापरलेल्या पाच अर्जांपैकी तीन ठिकाणांहून मला बोलावणं आलं, म्हणून मी तो सगळीकडे घालायला लागले. नंतर शीट नीट वाचली तेव्हा दिसलं, की ती पाचही पदं माझ्या जुन्या कामाच्या अगदी जवळची होती. श्रेय परिच्छेदाचं की पदाचं, हे पाच अर्जांवरून कळत नाही. त्यापेक्षा भक्कम खूण मुलाखतीत मिळते. पत्रातल्या कुठल्या वाक्यावर प्रश्न आला ते त्याच दिवशी F मध्ये लिहून ठेवा. “तो साठा मोजायचा वेळ तुम्ही निम्म्यावर कसा आणलात?” असं मला दोन वेगवेगळ्या ठिकाणी विचारलं गेलं. ते वाक्य अ२ च्या शेवटी होतं. आता तो परिच्छेद त्याच वाक्याने सुरू होतो.

जुना परिच्छेद वापरताना आधीच्या संस्थेचं नाव तसंच राहण्याचा धोका असतो. टॅबमध्ये नावाच्या जागी ### ठेवा आणि पाठवण्यापूर्वी पत्रात ते चिन्ह शोधा.

महिन्याला दोन-तीन अर्ज आणि तेही सगळे मेलने जात असतील, तर स्नूझवर निभावेल. पोर्टलवर अर्ज करत असाल किंवा एकाच प्रकारच्या पदांसाठी पुन्हा पुन्हा लिहीत असाल, तर मी शीटच घ्या म्हणेन. तिची उणीव कॅलेंडरने भरून काढता येते. मी मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी आठवण लावली आहे. त्या वेळी शीट उघडायची, रंगलेल्या ओळींना मेल पाठवायचा आणि F मध्ये तारीख टाकायची.