राजीनाम्याचं इंग्रजी: ओळीला ओळ भाषांतर की नव्याने लिहिलेलं पत्र?

माझा मावसभाऊ कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात सहाय्यक अभियंता होता. कॅनडातली नोकरी पक्की झाली तसा त्याने रिवाजाप्रमाणे मराठीत राजीनामा लिहिला, आवक विभागात दिला आणि शिक्का मारलेली पोच घेतली. महिन्याभराने नव्या कंपनीने राजीनाम्याची प्रत इंग्रजीत मागितली. पुढे तोच कागद त्याच्या इमिग्रेशनच्या फाइललाही जोडायचा होता. तेव्हा आमच्यासमोर दोन वाटा होत्या. मूळ पत्राचं ओळीला ओळ भाषांतर करायचं, किंवा इंग्रजी पत्रांच्या वळणाने तेच नव्याने लिहायचं. दोन्ही करून पाहिलं, म्हणून दोन्हींबद्दल लिहितो.

त्याच्या पत्राचा गाभा असा होता: ‘मी आपल्या कारखान्यात सहाय्यक अभियंता या पदावर दि. ०३/०७/२०१७ पासून कार्यरत आहे. मला परदेशात नोकरीची संधी मिळाल्याने मी पदाचा राजीनामा देत आहे. तरी मला दि. ०६/०५/२०२४ पासून कार्यमुक्त करण्यात यावे, ही नम्र विनंती. नोटीस काळात माझी शिल्लक हक्काची रजा समायोजित करावी. कारखान्याने मला घडवले, त्याबद्दल मी आपला व संचालक मंडळाचा आजन्म ऋणी राहीन. कळावे.’

सगळ्यात जास्त अडलं ते तारखेवर. ०६/०५ म्हणजे आपल्याला सहा मे. कॅनडात मात्र दिवस आधी आणि महिना आधी, अशा दोन्ही पद्धती चालतात, त्यामुळे तिथला वाचणारा ती पाच जून समजू शकतो. भावाला तिथे ३ जूनला रुजू व्हायचं होतं. म्हणजे चुकीच्या वाचनाने तो नव्या नोकरीत हजर झाल्यावरही दोन दिवस कारखान्याच्या पगारावर दिसला असता. उपाय सोपा आहे. भाषांतर असो की नवं पत्र, महिना अक्षरात लिहायचा.

त्याच वाक्यातला ‘पासून’ हा शब्दही सांभाळावा लागतो. सहा मेपासून कार्यमुक्त म्हणजे पाच मे हा नोकरीचा शेवटचा दिवस. भाषांतरात ‘विथ इफेक्ट फ्रॉम सहा मे’ एवढंच ठेवावं लागतं, कारण मुळात तेवढंच आहे. नव्या पत्रात ‘माय लास्ट वर्किंग डे’ असं सरळ लिहून शंका मिटवता येते. वाचायला नवं पत्र सरस ठरतं ते इथे.

विनंतीचंही तसंच आहे. मराठी पत्रात राजीनामा देतो हे विधान आहे आणि कार्यमुक्त करा ही विनंती. घाईत केलेल्या भाषांतरात ही दोन्ही एकत्र होतात आणि ‘राजीनामा देण्याची परवानगी मिळावी’ असा अर्थ निघतो. त्यावरून तो नोकरी सोडतोय की सोडू का विचारतोय, तेच कळत नाही. भाषांतरात दोन वाक्यं दोनच ठेवायची. नव्या पत्रात पहिल्याच ओळीत राजीनामा आणि शेवटचा दिवस सांगून मोकळं व्हायचं.

‘आजन्म ऋणी’चं काय करायचं, यावर आमचा बराच वेळ गेला. कर्ज या अर्थाचा इंग्रजी शब्द तिथे नको, कारण शेजारीच रजेच्या हिशेबाची ओळ आहे आणि कारखान्याचं काही देणं राहिलंय असा भास होतो. कायम कृतज्ञ राहीन, या अर्थाचं वाक्य पुरतं. पण भाषांतरात ती ओळ गाळता येत नाही. वाचणाऱ्याला मूळ मराठीपेक्षा भाषांतरात एक वाक्य कमी दिसलं, तर उरलेल्या कागदावरचा विश्वासही जातो. नव्या पत्रात मात्र ती एका शब्दाच्या आभारात मावते.

पदनामाबाबत भावाचं आणि माझं पटेना. तो प्रत्यक्षात सगळा मेन्टेनन्स बघायचा. ऑफ सीझनला मिल आणि बॉयलर उघडले की रात्र रात्र तिथेच असायचा. त्यामुळे इंग्रजीत ‘मेन्टेनन्स मॅनेजर’ लिही, असा त्याचा आग्रह. त्याच्या कामाची मलाही किंमत आहे, पण नेमणूकपत्रावर ‘असिस्टंट इंजिनिअर’ होतं आणि अनुभव दाखल्यावरही तेच येणार होतं. तीन कागदांवर दोन पदं दिसली की संशय येतो तो उमेदवारावर. कामाचं वर्णन बायोडेटात हवं तेवढं करावं, राजीनाम्यात पद नेमणूकपत्रातलंच ठेवावं. नावाचंही तसंच, स्पेलिंग पासपोर्टवरचं आणि ‘श्री.’ हा नावाचा भाग नाही.

इथपर्यंत नवं पत्र बरंच पुढे होतं. पण भावाच्या प्रतीवर समासात हाताने लिहिलेला एक शेरा होता: ‘शिफारस. चार्ज दिल्यानंतर कार्यमुक्त करावे.’ खाली प्रशासन अधिकाऱ्यांची सही, तारीख आणि आवक क्रमांकाचा शिक्का. पत्र खरंच दिलं गेलं आणि वरपर्यंत पोचलं, याचा पुरावा तेवढाच. नव्याने लिहिलेल्या इंग्रजी पत्रावर तो कुठून येणार? जुनी तारीख टाकून नवं पत्र मूळ म्हणून देणं तर खोटंच. म्हणून आमच्यापुरता निर्णय भाषांतराच्या बाजूने झाला, आणि त्यात शेरा, सही, शिक्का सगळं उतरवलं. जिथे अक्षर लागत नव्हतं तिथे ‘अवाचनीय’ असं लिहिलं. शेऱ्यात चार्जची अट होती, म्हणून कार्यमुक्तीचा आदेशही सोबत जोडावा लागला. नोकरी खरोखर सुटली हे त्या आदेशानेच सिद्ध होतं, राजीनाम्याने फक्त इच्छा कळते.

भाषांतर कोणी करायचं, हा प्रश्न मग आलाच. मसुदा मी केला होता, पण कॅनडाच्या इमिग्रेशनला अर्जदाराने स्वतः किंवा नातेवाइकांनी केलेलं भाषांतर चालत नाही, आणि त्या नात्यांच्या यादीत सख्खी मावस, चुलत, आते, मामे भावंडंही येतात. प्रमाणित भाषांतरकार नसेल तर भाषांतरकाराचं प्रतिज्ञापत्रही लागतं. ब्रिटनसाठी भाषांतर अचूक असल्याची लेखी खात्री, तारीख, भाषांतरकाराचं पूर्ण नाव, सही आणि संपर्क हवा. अमेरिकेसाठी भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे आणि ते करण्यास मी सक्षम आहे, असं भाषांतरकाराने प्रमाणित करावं लागतं. नोटरीचा शिक्का म्हणजे भाषांतर बरोबर असल्याची हमी, असं पुष्कळांना वाटतं. नोटरी पाहतो तो शपथ घेणारा माणूस आणि त्याची सही. भावाने शेवटी बाहेरच्या भाषांतरकाराकडून काम करून घेतलं आणि माझा मसुदा फक्त तपासायला वापरला.

तुमचा मराठी राजीनामा आवक होऊन गेला असेल, तर मी भाषांतरच सुचवेन, वाचायला थोडं जड झालं तरी. नव्या कंपनीतल्या व्यवस्थापकाला नुसतं कळवायचं असेल, तर नव्याने लिहिलेला इंग्रजी मजकूर ईमेलमध्ये पाठवा, पण त्याला राजीनाम्याची प्रत म्हणू नका. आणि राजीनामा अजून खिशातच असेल, तर एकाच तारखेची मराठी आणि इंग्रजी अशी दोन पत्रं तयार ठेवा, तारखा आणि पदनाम दोन्हींत जुळवा, आणि कार्यालय घेत असेल तर दोन्हींवर एकाच दिवशी आवक क्रमांक टाकून घ्या. भावाच्या मागून त्याच कारखान्यातून दुबईला गेलेल्या एका फिटरने तसंच केलं. आवक विभागातल्या कारकुनाने आधी कुरकुर केली, मग दोन्हींवर शिक्का मारला.