विक्रीच्या नोकरीचा अर्ज: आकड्याने सुरुवात की नम्र विनंतीने?

जालन्यातील बियाणे विक्रेत्याकडे काम करणारा माझा भाचा विक्री अधिकाऱ्याच्या जागेसाठी दोन मसुदे घेऊन आला. एक ‘आपल्या नामांकित कंपनीत सेवेची संधी मिळावी’ असा सुरू होत होता. दुसरा, ‘मागील खरिपात परतूर व मंठा तालुक्यांतील विक्री मी 40 लाखांवरून 52 लाखांवर नेली’ असा.

पहिला लिहायला सोपा, पण तो कोणत्याही जागेसाठी चालतो. त्यामुळे वाचणाऱ्याला उमेदवार कळत नाही. दुसऱ्यात 30 टक्के वाढ दिसते, मात्र आधीचे वर्ष दुष्काळाचे असेल तर मुलाखतीत तीच वाढ अंगाशी येते. शिवाय या धंद्यात माल उधारीवर जातो, म्हणून विक्रीच्या शेजारी वसुलीही लिहावी. ती टाळलेली असली, तर जाणकार व्यवस्थापक पहिला प्रश्न तोच विचारतो.

शेवटाचेही तसेच. ‘उत्तराच्या प्रतीक्षेत’ याने पुढचे पाऊल टाकण्याची जबाबदारी समोरच्यावर पडते. ‘मंगळवारी सकाळी फोन करून भेटीची वेळ ठरवीन’ यात विक्रेत्याची सवय दिसते, फक्त फोन खरोखर करावा लागतो.

हाती पडताळता येईल असा आकडा असेल आणि जागा खासगी कंपनीतील असेल, तर दुसरा मसुदा पाठवावा. नवख्याने, किंवा ठरावीक नमुन्यातच अर्ज मागणाऱ्या संस्थेसाठी, पहिलाच थोडा नेमका करून वापरावा.