हॉल इफेक्ट किट: काही महिने वापरल्यानंतर

आमच्या प्रयोगशाळेत हॉल इफेक्टचं किट येऊन आता बरेच महिने झाले. बी.एस्सी.च्या बॅचेस त्यावर काम करतात, आणि प्रॅक्टिकल संपल्यावर मीही त्याच्याशी खटपट करत बसतो. कंपनीचं नाव सांगत नाही. या प्रकारची बहुतेक किट्स एकाच साच्यातली असतात, त्यामुळे अनुभव थोड्याफार फरकाने सगळ्यांना लागू पडेल.

किटमध्ये काय येतं? पी-टाइप जर्मेनियमची 10 मिमी लांब, 5 मिमी रुंद आणि 0.5 मिमी जाडीची पट्टी, एका छोट्या सर्किट बोर्डावर बसवलेली. तिच्या दोन टोकांना प्रवाहाच्या वायरी आणि दोन्ही लांब कडांच्या मध्यावर व्होल्टेज मोजायच्या वायरी. सोबत कॉन्स्टंट करंट सप्लाय, मिलिव्होल्टमीटर, विद्युतचुंबक आणि गॉसमीटर. पट्टीतून प्रवाह सोडायचा, सपाट बाजूला काटकोनात चुंबकीय क्षेत्र द्यायचं, की वाहक एका कडेला ढकलले जातात आणि दोन कडांमध्ये आडवं व्होल्टेज, म्हणजेच हॉल व्होल्टेज, उभं राहतं. त्यावरून वाहकांची घनता निघते:

n = I·B / (e·V·t)

इथे t म्हणजे पट्टीची जाडी, क्षेत्राच्या दिशेतली. सूत्र एका ओळीचं असल्यामुळे प्रयोगही अर्ध्या तासाचा वाटतो. प्रवाह 4 मिलिअँपिअर, क्षेत्र 0.2 टेस्ला ठेवलं, मीटरवर 31.3 मिलिव्होल्ट दिसले, ते सूत्रात घातले, झालं. मुलं नेमकं हेच करतात. त्यात चूक एवढीच, की या 31.3 पैकी 6 मिलिव्होल्टहून जास्त हॉल व्होल्टेज सोडून भलतीकडूनच आलेले असतात.

ते येतात कुठून, हे बघण्यासारखं आहे. कडांवरची दोन टोकं अगदी समोरासमोर हवीत. आमच्या पट्टीत 4 मिलिअँपिअरला टोकापासून टोकापर्यंत सुमारे 1.4 व्होल्टचा फरक पडतो, म्हणजे लांबीच्या प्रत्येक मिलिमीटरमागे 140 मिलिव्होल्ट. सोल्डरिंगचा एक ठिपका दुसऱ्यापेक्षा 0.04 मिमी, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी, पुढेमागे असला तरी साधारण 6 मिलिव्होल्ट फुकटात मिळतात, क्षेत्र असो वा नसो. इतकं अचूक सोल्डरिंग हाताने होणं शक्य नाही, त्यामुळे यात उत्पादकाला दोष देत नाही. दोष त्याच्या माहितीपुस्तिकेला देतो. तिच्यात लिहिलंय, ‘चुंबकाचा प्रवाह शून्य करा, येणारं रीडिंग वजा करा.’ पण चुंबकाचा प्रवाह शून्य केला म्हणजे क्षेत्र शून्य होत नाही. लोखंडी गाभ्यात थोडं चुंबकत्व शिल्लक राहतंच. आमच्या चुंबकाच्या फटीत 8 मिलिटेस्लाच्या आसपास क्षेत्र उरतं, आणि तेवढ्याने 1 मिलिव्होल्ट हॉल व्होल्टेज येतं. ते ‘शून्याचं रीडिंग’ म्हणून वजा केलं की 4 टक्के गेलेच. पुस्तिकेच्या पद्धतीनेच जायचं असेल, तर निदान पट्टी फटीतून पूर्ण बाहेर काढून ते रीडिंग घ्यावं.

मी आता चार रीडिंगच घ्यायला लावतो: प्रवाह सुलट-उलट आणि क्षेत्र सुलट-उलट. एका बॅचचे आकडे देतो. दोन्ही सुलट: 31.3. फक्त क्षेत्र उलट: −18.7. दोन्ही उलट: 19.3. फक्त प्रवाह उलट: −30.7. सगळे मिलिव्होल्टमध्ये. पहिल्यातून दुसरं वजा करायचं, तिसरं मिळवायचं, चौथं वजा करायचं आणि 4 ने भागायचं. उत्तर 25.0. टोकं पुढेमागे असल्याचं व्होल्टेज प्रवाहाबरोबर चिन्ह बदलतं पण क्षेत्राबरोबर नाही, म्हणून ते कटतं. वायरींचे सांधे कमीजास्त गरम असल्यामुळे येणारं 0.3 मिलिव्होल्ट कशानेच बदलत नाही, तेही कटतं. चुंबकीय क्षेत्रामुळे पट्टीची एक कड दुसरीपेक्षा गरम होऊन येणारं एटिंग्सहाउझेन परिणामाचं व्होल्टेज मात्र हॉल व्होल्टेजसारखंच दोन्हींबरोबर उलटतं, त्यामुळे ते या युक्तीने जात नाही. जर्मेनियममध्ये ते लहान असतं, म्हणून आम्ही सोडून देतो.

एक सूचना: क्षेत्र उलटवायला चुंबकाचा प्रवाह उलटवला, तर मघाच्याच शिल्लक चुंबकत्वामुळे नवं क्षेत्र जुन्याएवढं येईलच असं नाही. प्रत्येक वेळी गॉसमीटर लावून 0.2 टेस्ला जुळवावं लागतं, आणि प्रोब पट्टी बसते त्याच जागी धरावा लागतो. फटीच्या कडेला क्षेत्र पटकन उतरतं. त्यापेक्षा चुंबकाला हात न लावता पट्टीच तिच्या लांबीभोवती 180 अंशांत फिरवलेली सोपी, फक्त ती त्याच जागी परत बसली पाहिजे. किटच्या स्टँडला तशी खाच नाही. आम्ही ती करून घेतली. (गॉसमीटरचा प्रोबही हॉल इफेक्टवरच चालतो, हे कळल्यावर दर वर्षी कुणीतरी विचारतंच, ‘सर, मग हे गोल फिरून तिथेच नाही का आलं?’ नाही आलं, कारण प्रोब आधीच ठाऊक असलेल्या क्षेत्रात तपासून दिलेला असतो. त्यातल्या वाहकांची घनता आपल्याला लागतच नाही.)

आता हिशेब. I = 0.004, B = 0.2, V = 0.025, e = 1.6×10⁻¹⁹ आणि t = 0.0005 घातले की n = 4×10²⁰ प्रति घनमीटर येतं. 31.3 तसेच घातले असते तर 3.2×10²⁰ आलं असतं, म्हणजे 20 टक्के कमी.

पण हा 4 किती पक्का? माझी खरी तक्रार इथे आहे. जाडी लेबलवर ‘0.5 मिमी’ एवढीच छापली आहे. प्रत्यक्षात ती 0.45 असेल तर घनता 11 टक्के वर जाते. पट्टी बोर्डावर चिकटवलेली आणि ठिसूळ, मायक्रोमीटर लावायची सोय नाही. जाडीचा भरवसा नसेल तर n·t, म्हणजे पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे किती वाहक, एवढंच लिहिणं प्रामाणिक. इथे ते 2×10¹⁷ आहे, आणि त्याला जाडी लागत नाही. शिवाय वर दिलेलं सूत्र सगळे वाहक सारख्याच वेळाने धडकतात असं धरून आहे. जर्मेनियममध्ये अणूंच्या कंपनांमुळे होणारं विखुरणं प्रमुख असेल, तर कमी क्षेत्रात 3π/8, म्हणजे 1.18 हा गुणक येतो आणि घनता 4.7×10²⁰ निघते. पुस्तिकेत त्याचा उल्लेखही नाही.

तापमानाचा भाग मात्र मला मनापासून आवडला. बोर्डावरच्या हीटरने पट्टी तापवत नेली की हॉल व्होल्टेज घटतं, शून्यावर येतं आणि चक्क चिन्ह बदलतं, म्हणजे पी-टाइप पट्टी एन-टाइपसारखी वागायला लागते. उष्णतेने इलेक्ट्रॉन-होलच्या जोड्या तयार होतात. इलेक्ट्रॉन होलच्या साधारण दुप्पट चपळ असतात आणि हॉल व्होल्टेजमध्ये चपळाईचा वर्ग मोजला जातो. त्यामुळे इलेक्ट्रॉन होलच्या चौथ्या हिश्शाएवढे झाले, की पारडं फिरतं. त्या टप्प्यात वरचं सूत्र वापरून काढलेली ‘घनता’ निरर्थक असते. शून्य व्होल्टेजला ती अनंत येते.

किटबरोबर 18 मायक्रॉन जाडीची तांब्याची पट्टीही येते. तांब्यात घनता 8.5×10²⁸, त्यामुळे 10 अँपिअर आणि 0.2 टेस्लाला जेमतेम 8 मायक्रोव्होल्ट मिळतात. एडविन हॉलने 1879 मध्ये सोन्याचा वर्ख वापरला तो याचसाठी: धातूत जाडी कमी केल्याशिवाय हातात काही येत नाही. किटचा मीटर 0.1 मिलिव्होल्टच्या खाली वाचतच नाही, सप्लायही 20 मिलिअँपिअरला थांबतो. तांब्याची पट्टी डब्यातच पडून आहे.