आयईएलटीएस रीडिंगसाठी स्किमिंग-स्कॅनिंग : काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

लातूर-नांदेडकडच्या क्लासेसमध्ये रीडिंगचा पेपर आला की पहिला सल्ला ठरलेला असतो: आधी प्रश्न वाचा, त्यातला ठळक शब्द उचला आणि तो उताऱ्यात शोधा. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या मुलांवर काही महिने ही पद्धत, आणि तिच्यात बदल करून बनवलेली दुसरी पद्धत, अशा दोन्ही वापरून झाल्या. हा अनुभव अ‍ॅकॅडमिक रीडिंगचा आहे, आणि त्यातही मुख्यतः ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हन या प्रश्नांचा. गुण सर्वांत जास्त तिथेच गळतात.

पेपरचं गणित असं आहे. तीन उतारे, 40 प्रश्न, 60 मिनिटं. तिन्ही उतारे मिळून साधारण 2,150 ते 2,750 शब्द. कागदावरच्या परीक्षेत उत्तरं उतरवायला वेगळा वेळ मिळत नाही, ते काम याच 60 मिनिटांत बसवायचं. मनातल्या मनात मराठी करत वाचणारा विद्यार्थी मिनिटाला शंभरेक शब्दांवर असतो. म्हणजे तिन्ही उतारे एकदा वाचायलाच त्याची 25 मिनिटं जातात, आणि प्रश्नांसाठी पुन्हा मागे जावं लागतं ते वेगळंच. एवढ्यासाठीच उतारा चाळणं, म्हणजे स्किमिंग, आणि नेमकी जागा शोधणं, म्हणजे स्कॅनिंग, ही दोन कौशल्यं लागतात. ती एकाच वेळी करायला गेलं की दोन्ही फसतात.

प्रश्नातला ठळक शब्द शोधण्याची पद्धत पहिल्या आठवड्यात छान चालल्यासारखी वाटते, कारण सोप्या सराव संचांत प्रश्नातलाच शब्द उताऱ्यात असतो. खऱ्या पेपरच्या तोडीच्या उताऱ्यात तो बहुतेक वेळा बदललेला असतो. प्रश्नात ‘आपत्ती’, तर उताऱ्यात ‘आग’. प्रश्नात ‘खर्च उचलला’, तर उताऱ्यात ‘नेमणूक केली’. विद्यार्थी ‘आपत्ती’ शोधत उताऱ्यावरून तीनदा फिरतो, शब्द सापडत नाही आणि तो नॉट गिव्हन लिहून मोकळा होतो. एखाद्याच्या उत्तरपत्रिकेत नॉट गिव्हन गरजेपेक्षा जास्त दिसले, तर नव्वद टक्के हेच झालेलं असतं असं समजायला हरकत नाही.

टिकलेली पद्धत अशी: उतारा हातात आला की दोन ते तीन मिनिटं प्रश्नांकडे न बघता चाळायचा. शीर्षक, पहिला परिच्छेद पूर्ण, आणि पुढच्या प्रत्येक परिच्छेदाची पहिली दोन वाक्यं. एकच वाक्य वाचून भागत नाही. इंग्रजी लेखक पुष्कळदा पहिल्या वाक्यात लोकांचा जुना समज सांगतो आणि दुसऱ्या वाक्यात ‘हाउएव्हर’ किंवा ‘बट’ म्हणून तो खोडून काढतो. पहिल्या वाक्यावर थांबणाऱ्याच्या डोक्यात परिच्छेदाचा अर्थ नेमका उलटा बसतो. दोन वाक्यं झाली की समासात दोन-तीन शब्दांची खूण करायची, मराठीत केली तरी चालते. समजलं नाही तर प्रश्नचिन्ह टाकून पुढे जायचं. अडलेल्या शब्दापाशी थांबलं की चाळणं संपलं आणि वाचन सुरू झालं.

हे प्रत्यक्षात कसं चालतं ते बघण्यासाठी सरावाचा एक उतारा घेऊ. विषय आपल्याकडचा, अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृतींचा. उतारा इंग्रजीत, सात परिच्छेदांचा. चाळून झाल्यावर समासातल्या खुणा अशा दिसतात. ए: 1819, जॉन स्मिथ, लेणी पुन्हा उजेडात. बी: चित्रं खराब होतायत, नकला हव्यात. सी: गिल, ईस्ट इंडिया कंपनी, 1844. डी: क्रिस्टल पॅलेस, 1866, आग. ई: ग्रिफिथ्स, मुंबईचं आर्ट स्कूल, 1872 ते 1885. एफ: लंडन, साउथ केन्सिंग्टन, 1885, पुन्हा आग. जी: हेरिंगहॅम बाई, 1909 ते 1911, कलकत्त्याचे विद्यार्थी.

आता प्रश्नांची पाच विधानं. एक, गिल यांनी हे काम स्वतःच्या खर्चाने केलं. दोन, गिल यांच्या सगळ्या प्रतिकृती 1866 मध्ये नष्ट झाल्या. तीन, ग्रिफिथ्स यांनी काम सुरू करण्यापूर्वी गिल यांच्या प्रतिकृती पाहिल्या होत्या. चार, ग्रिफिथ्स यांच्या प्रतिकृतींवरही तशीच आपत्ती आली. पाच, हेरिंगहॅम यांनी कुणाच्याही मदतीशिवाय काम केलं.

स्कॅनिंग इथून सुरू होतं, आणि शोधायचे ते फक्त न बदलणारे शब्द: माणसांची नावं, ठिकाणं, आकडे. पेपर काढणाऱ्याला ‘गिल’ या नावाचा पर्यायी शब्द देता येत नाही. ‘प्रतिकृती’ हा शब्द मात्र शोधून काही उपयोग नाही, तो जवळजवळ प्रत्येक परिच्छेदात आहे. मोठं अक्षर आणि आकडा या दोन गोष्टी न वाचताही डोळ्याला दिसतात, म्हणून नजर ओळीवरून न नेता परिच्छेदावरून तिरपी खाली उतरवायची. जागा सापडली की मात्र वेग पूर्ण सोडून द्यायचा. ते वाक्य, त्याच्या आधीचं आणि नंतरचं, अशी तीन वाक्यं शब्दन्‌शब्द वाचायची. वेळ वाचवायचा तो शोधण्यात, या तीन वाक्यांवर कधीच नाही.

पहिलं विधान सी मध्ये सुटतं: कंपनीने नेमलं होतं, म्हणून फॉल्स. दुसऱ्यासाठी 1866 हा आकडा थेट डी वर नेतो. तिथे बहुतेक प्रतिकृती जळाल्या असं आहे. पण पुढचं वाक्य सांगतं की प्रदर्शनात नसलेल्या मोजक्या वाचल्या. विधानात ‘सगळ्या’ आहे, म्हणून फॉल्स. आकडा सापडताच ट्रू लिहून पुढे जाणारे इथे हमखास चुकतात. ऑल, ओन्ली, नेव्हर, मोस्ट असे शब्द विधानात आधीच अधोरेखित करायची सवय हवी, कारण उत्तर बऱ्याचदा त्यांच्यावरच फिरतं.

तिसरं विधान सध्या सोडून देऊ. चौथं विधान आपत्तीबद्दल आहे. हा शब्द उताऱ्यात नाही, पण समासात एफ समोर ‘पुन्हा आग’ लिहिलेलं आहे, त्यामुळे शोधावं लागत नाही. ट्रू. पाचवं जी मध्ये, नंदलाल बोस आणि असितकुमार हलदार यांची नावं मदतनीस म्हणून समोरच आहेत, फॉल्स.

आता मागे राहिलेलं तिसरं. ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हनची विधानं उताऱ्याच्याच क्रमाने येतात. दुसऱ्याचं उत्तर डी मध्ये मिळालं, चौथ्याचं एफ मध्ये. मग तिसऱ्याचं उत्तर असलं तर डी च्या शेवटापासून एफ च्या सुरुवातीपर्यंतच असणार. सगळा उतारा पालथा घालायची गरजच उरली नाही, एवढाच पट्टा नीट वाचायचा. त्यात ग्रिफिथ्स कुठून आले, कुणाला घेऊन काम केलं, किती वर्षं केलं, हे सगळं आहे. गिल यांचं काम पाहिलं की नाही, यावर अक्षरही नाही. नॉट गिव्हन.

इथे डोकं दोन्हीकडे धावतं. एक जण म्हणतो, इतक्या वर्षांनी तेच काम करणाऱ्याने आधीचं पाहिलंच असणार, म्हणून ट्रू. दुसरा म्हणतो, ती तर जळून गेली होती, पाहणार कशी, म्हणून फॉल्स. एकाच मजकुरावरून दोन उलट तर्क सारख्याच जोराने करता येत असतील, तर मजकूर त्या प्रश्नाबद्दल गप्प आहे. फॉल्स म्हणायला उताऱ्यातलं एखादं वाक्य विधानाला थेट छेद देणारं हवं. ते बोट ठेवून दाखवता आलं नाही तर फॉल्स लिहू नये. सगळ्या महिन्यांत सर्वाधिक फरक कशाने पडला असेल तर या दोन गोष्टींनी: दोन सापडलेल्या उत्तरांमधला पट्टा आणि बोट ठेवायची अट.

याच उताऱ्यात आकड्यांचाही एक सापळा आहे. 1885 हे वर्ष ई मध्येही आहे आणि एफ मध्येही. नजर वरून खाली येते म्हणून पहिल्यांदा ई वर थांबते, आणि आगीबद्दलचा प्रश्न तिथल्या वाक्यावरून सोडवला जातो. आकडा सापडला की तो आणखी कुठे आहे का हे बघायला पाच सेकंद द्यावीत. उलटही होतं: प्रश्नात ‘एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध’ असतो आणि उताऱ्यात नुसतं 1872.

वेळेची वाटणी 20-20-20 अशी करू नये. तिसरा उतारा सहसा सर्वांत कठीण असतो. 17, 20, 23 ही वाटणी बहुतेकांना मानवली. एका प्रश्नावर दीड मिनिट झालं आणि पट्टा ठरत नसेल तर अंदाजाने उत्तर लिहून खूण करायची आणि पुढे जायचं. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, त्यामुळे एकही जागा कोरी सोडणं परवडत नाही. अ‍ॅकॅडमिकमध्ये साधारण 23 बरोबर आले की 6 बँड आणि 30 ला 7, म्हणजे मधल्या सात प्रश्नांचाच सगळा खेळ आहे.

मर्यादाही सांगायला हव्यात. लेखकाचं मत विचारणाऱ्या यस, नो, नॉट गिव्हनमध्ये नावं-आकडे फारसे नसतात, तिथे जागा शोधून भागत नाही, परिच्छेद वाचावाच लागतो. परिच्छेदाला शीर्षक जुळवायच्या प्रश्नात स्कॅनिंग उलट नुकसान करतं, कारण चुकीच्या शीर्षकात मुद्दाम त्या परिच्छेदातलाच एखादा शब्द पेरलेला असतो. तिथे समासातल्या खुणा कामाला येतात. कोणती माहिती कोणत्या परिच्छेदात, हा प्रश्न क्रमाने येत नाही, म्हणून त्या उताऱ्यातला तो सर्वांत शेवटी घ्यावा. तोवर बाकीच्या प्रश्नांमुळे अर्धा उतारा ओळखीचा झालेला असतो. आणि ‘कमिशन्ड’ म्हणजे काम सोपवलं हेच माहीत नसेल, तर सी परिच्छेद सापडूनही पहिलं विधान चुकेल. त्यावर ही पद्धत काही करू शकत नाही. प्रत्येक सरावानंतर प्रश्नातला शब्द आणि उताऱ्यातला त्याचा जोडीदार समोरासमोर लिहिणं हाच उपाय दिसला. चार-पाच जोड्या रोज पुरतात.

अभ्यासिकेत बरीच मुलं मोबाइलवर पीडीएफ उघडून सराव करतात आणि शब्द सापडला नाही की सर्च दाबतात. परीक्षेच्या संगणकावर मजकूर रंगवता येतो, टिपण ठेवता येतं, पण शब्द शोधून देणारी सोय नसते. कागदावर देणार असाल तर प्रिंट काढून पेन्सिलीने, संगणकावर देणार असाल तर डावीकडे उतारा आणि उजवीकडे प्रश्न असलेल्या मोठ्या पडद्यावर सराव करावा. मोबाइलवर सारखं वर-खाली सरकवावं लागतं, त्यामुळे कुठला परिच्छेद कुठे होता हे डोळ्यांच्या लक्षात राहत नाही, आणि चाळण्यात घालवलेली तीन मिनिटं वाया जातात.